धूमकेतू येतात कुठून?

1997 च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू महाराष्ट्रातून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य मावळून अंधार पडू लागला की वायव्येच्या आकाशात तो ठळकपणे उमटायचा आणि शहरातल्या दिव्यांनाही पुरून उरायचा. त्या दिवसांत त्याच्या बर्फाळ गाभ्यातून दर सेकंदाला सुमारे तीनशे टन पाणी वाफ होऊन अवकाशात उडून जात होतं. त्याच्याबरोबर धूळ जात होती, ती वेगळीच. डोळ्यांना दिसणारं ते सगळं सौंदर्य म्हणजे धूमकेतूची झीज होती.

झीज आहे म्हणजे कधी तरी अंत आहे. चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को नावाचा एक छोटा धूमकेतू दर साडेसहा वर्षांनी सूर्याला फेरी मारतो. युरोपचं रोझेटा यान 2014 ते 2016 या काळात त्याच्या सोबतीला होतं. चारेक किलोमीटरच्या या गाभ्यावरून प्रत्येक फेरीत सरासरी अर्धा-एक मीटर जाडीचा थर निघून जातो. हा वेग धरला, तर तो दहा-वीस हजार वर्षांत संपेल. त्याआधी गुरूने त्याला सूर्यमालेबाहेर भिरकावलं नाही किंवा त्याचे तुकडे झाले नाहीत, तर. सूर्यमालेचं वय मात्र सुमारे 460 कोटी वर्षं आहे. या हिशेबाने आकाशातले धूमकेतू कधीच संपून जायला हवे होते. गळक्या टाकीत सतत पाणी दिसत असेल, तर वरून कुठून तरी धार चालू असलीच पाहिजे. धूमकेतूंची ही धार येते कुठून, या एका प्रश्नातून सूर्यमालेच्या दोन कोठारांचा शोध लागला. एक नेपच्यूनच्या पलीकडचा कायपर पट्टा आणि दुसरा त्याच्याही कितीतरी पलीकडचा ऊर्टचा मेघ. त्यातलं पहिलं कोठार आपण आता दुर्बिणीतून पाहिलं आहे. दुसरं अजून कोणीही पाहिलेलं नाही. तरी ते आहे याबद्दल खगोलशास्त्रज्ञांच्या मनात फारशी शंका नाही, आणि ती का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

न पाहिलेल्या कोठाराची गोष्ट आधी सांगतो, कारण तर्काने ते जास्त भक्कमपणे पकडलं गेलं आणि तेही आधी.

धूमकेतू दिसला की त्याच्या जागा रात्रीमागून रात्र मोजतात आणि त्यावरून कक्षा काढतात. पण ही कक्षा त्या वेळेपुरती असते. धूमकेतू आपल्याला दिसतो तोपर्यंत तो गुरू-शनीच्या हद्दीत शिरलेला असतो आणि त्यांच्या ओढीने त्याची मूळ वाट थोडी बदललेली असते. म्हणून तो ग्रहांच्या प्रदेशात शिरण्याआधी कोणत्या कक्षेत होता, हे जाणून घ्यायचं तर गणित उलट्या दिशेने चालवावं लागतं. आज धूमकेतू इथे आहे, तर महिन्यापूर्वी कुठे होता, त्या वेळी गुरू कुठे होता, त्याने किती ओढलं, मग त्याच्या आधीच्या महिन्यात काय, असं पायरीपायरीने मागे जात धूमकेतूला सगळ्या ग्रहांच्या पलीकडे नेऊन सोडायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगनमध्ये एलिस स्ट्रॉमग्रेन यांनी हे काम हाताने गणित करून केलं. एकेका धूमकेतूमागे किती कागद भरले असतील, याची कल्पना केली तरी दडपायला होतं. त्या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निघाली. काही धूमकेतू सूर्याच्या बंधनात नसलेले, बाहेरून आलेले वाटत होते. मागे जाऊन पाहिलं तर तेही मुळात सूर्याभोवतीच्या, अतिशय लांबट पण बंद कक्षेतून आलेले निघाले. म्हणजे धूमकेतू परके नव्हते.

1950 साली नेदरलँड्समधल्या लायडन वेधशाळेच्या यान ऊर्ट यांनी असे 19 धूमकेतू निवडले. ज्यांची मूळ कक्षा विश्वासाने सांगता येत होती, असे तेवढेच होते. ऊर्ट हे खरं तर आकाशगंगेचे अभ्यासक. आकाशगंगा कशी फिरते, हे दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. धूमकेतूंकडे त्यांनी ताऱ्यांच्या गतीचा हिशेब करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलं.

त्यांनी कक्षांची तुलना कशी केली, ते सावकाश पाहू, कारण सगळा पुरावा त्यात आहे. लांबट कक्षेच्या सर्वांत लांब व्यासाचा अर्धा भाग घ्यायचा आणि तो खगोलीय एककांत मोजायचा. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर, सुमारे 15 कोटी किलोमीटर. नेपच्यून सूर्यापासून 30 एककांवर आहे. आता 1 ला या लांबीने भागायचं. कक्षा जेवढी मोठी, तेवढा हा भागाकार लहान. तो शून्य आला तर धूमकेतू सूर्याच्या बंधनातून सुटण्याच्या काठावर आहे, आणि ऋण आला तर तो सुटलाच. या आकड्याचा फायदा असा की तो धूमकेतूच्या ऊर्जेच्या प्रमाणात असतो आणि ग्रहांचा हिसका बसतो तो ऊर्जेलाच. त्यामुळे हिसका या आकड्यात सरळ मिळवता किंवा वजा करता येतो.

हेल-बॉपचंच उदाहरण घ्या. आपल्याकडे येताना त्याच्या कक्षेचा अर्धव्यास सुमारे 260 एकक होता, म्हणजे आपला आकडा साधारण 0.0038. त्या कक्षेत एका फेरीला 4200 वर्षं लागतात. एप्रिल 1996 मध्ये तो गुरूजवळून, पाऊण एककापेक्षा थोड्या जास्त अंतरावरून गेला. सूर्याला वळसा घालून परत निघाला तेव्हा त्याच्या कक्षेचा अर्धव्यास उरला होता सुमारे 185 एकक, म्हणजे आकडा 0.0054. एका भेटीत 0.0016 इतका फरक! आता त्याची फेरी सुमारे 2500 वर्षांची झाली आहे. हेल-बॉप गुरूच्या जरा जास्तच जवळून गेला. ग्रहांच्या प्रदेशातून सरळसाधी फेरी मारणाऱ्या धूमकेतूला बसणारा हिसका साधारण 0.0005 च्या आसपास असतो, कधी अधिक, कधी उणा.

हा 0.0005 लक्षात ठेवून ऊर्ट यांच्या 19 धूमकेतूंकडे वळू. त्यातल्या 10 धूमकेतूंचा आकडा 0 ते 0.00005 या चिंचोळ्या पट्टीत होता. पुढच्या तेवढ्याच रुंदीच्या पट्टीत होते 4. उरलेले पाच इकडेतिकडे विखुरलेले. म्हणजे निम्म्याहून जास्त धूमकेतू अशा कक्षांतून आले होते, ज्यांचा अर्धव्यास 20,000 एककांहून मोठा होता. आणि ही पट्टी ग्रहांच्या एका हिसक्याच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी रुंद होती.

इथे ऊर्ट यांचा तर्क पूर्ण होतो. या पट्टीतला एक धूमकेतू घ्या, आकडा समजा 0.00003. तो ग्रहांमधून एकदा गेला आणि त्याला 0.0005 चा हिसका बसला. तो उणा असेल तर आकडा ऋण झाला, धूमकेतू कायमचा गेला. अधिक असेल तर आकडा झाला 0.00053, कक्षेचा अर्धव्यास उरला सुमारे 1900 एकक, आणि तो साधारण ऐंशी हजार वर्षांनी परत येणार. कोणत्याही परिस्थितीत तो त्या चिंचोळ्या पट्टीत राहत नाही. मग पट्टीत सापडलेले धूमकेतू ग्रहांच्या प्रदेशात याआधी आलेलेच नसणार. ही त्यांची पहिलीच खेप. आणि पहिल्यांदा येणारे धूमकेतू जर आजही येत असतील, तर ते जिथून येतात तिथे त्यांचा मोठा साठा आज, या क्षणी असला पाहिजे. सूर्यमाला जन्मली तेव्हापासून कुठेतरी थांबून राहिलेला.

हा साठा केवढा लांब, तेही त्याच आकड्यांतून कळतं. लांबट कक्षेत धूमकेतू बहुतेक काळ दूरच्या टोकाकडे घालवतो. त्यामुळे साठा हजारो नव्हे, तर दहाहजारो एककांवर पसरलेला असणार. ऊर्ट यांनी तो 50,000 ते 1,50,000 एककांच्या दरम्यान मानला. एक लाख एकक म्हणजे प्रकाशालाही दीड वर्षापेक्षा जास्त लागेल इतकं अंतर. आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, हे लक्षात घेतलं की सूर्याचा संसार केवढा लांबवर पसरला आहे ते कळतं. आणि हे धूमकेतू आकाशाच्या सगळ्या दिशांनी येतात. ग्रह ज्या सपाट तबकडीत फिरतात तिचं बंधन त्यांना नाही. काही तर ग्रहांच्या उलट दिशेने फिरत येतात. म्हणून हा साठा तबकडीसारखा नसून सूर्याला चहूबाजूंनी वेढणारा गोल मेघ असला पाहिजे. मेघ म्हटलं तरी तो दाट नाही. तिथल्या दोन शेजाऱ्यांमधलं अंतर कोट्यवधी किलोमीटरचं असणार.

इतक्या लांबून ते इकडे येतातच कशाला? याचं उत्तर ताऱ्यांचा हिशेब करणाऱ्या ऊर्ट यांना जवळचं होतं. 40,000 एककांवर सूर्याभोवती फिरण्याचा वेग सेकंदाला फक्त दीडशे मीटर आहे. पण तिथून निघून पृथ्वीच्या कक्षेइतकं सूर्याजवळ यायचं असेल, तर धूमकेतूचा आडवा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटरच्या आत असावा लागतो. तेवढा कमी असेल तरच तो सूर्याच्या रोखाने खाली पडतो. नाही तर लांबूनच वळसा घालून जातो. जवळून जाणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने लाखो वर्षांत काहींचा आडवा वेग एवढा कमी होतो, असं ऊर्ट म्हणाले. 1980 च्या दशकात ज्युलिया हाइस्लर आणि स्कॉट ट्रेमेन यांनी दाखवलं की आकाशगंगेच्या तबकडीची एकूण ओढ हे काम ताऱ्यांपेक्षाही नेटाने करते, कारण ती अखंड चालू असते.

यात एक मर्यादा लपलेली आहे. ही ओढ लांबच्या धूमकेतूंवरच पुरेशी चालते. जो धूमकेतू जरा आतल्या बाजूला आहे, त्याची वाट एका फेरीत थोडीच वळते. त्यामुळे तो आधी गुरू-शनीच्या प्रदेशाच्या काठावर येतो, तिथे हिसका खातो आणि आपल्या नजरेस पडण्याआधीच दुसरीकडे जातो. गुरू आणि शनी हे एखाद्या कुंपणासारखे उभे आहेत, आणि ते एका उडीत ओलांडणारेच आपल्याला दिसतात. म्हणून ऊर्टच्या मेघाचा बाहेरचा भाग आपल्याला त्याच्या पाहुण्यांवरून कळतो, आतला भाग मात्र जवळजवळ मुका आहे. मेघात एकूण किती धूमकेतू आहेत, याचे अंदाज एवढे बदलतात त्याचं एक कारण हे. ऊर्ट यांनी दहा हजार कोटींच्या घरातला आकडा मांडला होता. आजचे अंदाज त्याच्या अनेक पटींनी पुढेमागे जातात.

दुसरी अडचण खुद्द धूमकेतूंच्या स्वभावातून येते. सूर्याजवळ आल्यावर गाभ्यातून वायूच्या धारा सुटतात, आणि त्या धूमकेतूला उलट्या दिशेने ढकलतात. हा धक्का बारीक असतो. पण आपण दशांश चिन्हानंतर चार शून्यं असलेले आकडे मोजत असू, तर तो निकाल सहज बिघडवतो. म्हणून काही धूमकेतूंचा मूळ आकडा किंचित ऋण येतो आणि ते बाहेरून आल्यासारखे वाटतात. वायूचा धक्का हिशेबात धरला की त्यातले बरेचसे पुन्हा सूर्याच्या ताब्यात येतात. 1978 मध्ये ब्रायन मार्सडेन, झ्देनेक सेकानिना आणि एडगर एव्हरहार्ट यांनी दोनशे धूमकेतूंच्या मूळ कक्षा मांडल्या. ऊर्ट यांना 19 धूमकेतूंत दिसलेली ती गर्दी तिथे आणखी उठून दिसली. तर्क योग्य होता, हे त्यातून पक्कं झालं. एक कोडं मात्र ऊर्ट यांच्या वेळेपासून अजून सुटलेलं नाही. पहिल्या खेपेला आलेल्यांच्या तुलनेत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला येणारे धूमकेतू गणितानुसार जेवढे दिसायला हवेत, त्याहून फार कमी दिसतात. पहिल्या भेटीनंतर अनेक धूमकेतू फुटत असावेत किंवा त्यांच्यावर धुळीची खपली धरून ते मंद पडत असावेत. ऊर्ट यांनीही असंच काही गृहीत धरलं होतं.

आता दुसरं कोठार. चुर्युमोव्ह-गेरासिमेन्कोसारखे, वीस वर्षांच्या आत फेरी पूर्ण करणारे धूमकेतू अगदी वेगळ्या वळणाचे आहेत. ते ग्रहांच्याच दिशेने फिरतात आणि ग्रहांच्या तबकडीपासून फारसे वर-खाली जात नाहीत. चहूबाजूंनी येणारे ऊर्टच्या मेघातले धूमकेतू गुरूने पकडून लहान कक्षांत आणले, असं पूर्वी मानायचे. पण गोल मेघातून आलेल्यांच्या कक्षा वेड्यावाकड्या कललेल्या असायला हव्यात, गुरूने पकडल्यावरही. 1980 साली उरुग्वेचे हुलियो फर्नांडेझ यांनी नेपच्यूनपलीकडे धूमकेतूंचा पट्टा असावा असं मांडलं, आणि 1988 मध्ये मार्टिन डंकन, थॉमस क्विन आणि स्कॉट ट्रेमेन यांनी संगणकावर हजारो काल्पनिक धूमकेतूंचा प्रवास चालवून दाखवलं की गोल साठ्यातून असे सपाट धूमकेतू निघत नाहीत. साठा स्वतःच सपाट हवा. त्यांनी त्याला जेरार्ड कायपर यांचं नाव दिलं. कायपर यांनी 1951 मध्ये तिथे एकेकाळी पट्टा असावा, पण आता तो विखुरला गेला असेल, असं म्हटलं होतं. आयर्लंडच्या केनेथ एजवर्थ यांनी 1940 च्या दशकात अधिक स्पष्टपणे त्याची कल्पना मांडली होती, हे नमूद करायला हवं.

हा पट्टा दिसेल का, हा प्रश्न डेव्हिड ज्यूइट आणि त्यांची विद्यार्थिनी जेन लू यांनी 1987 मध्येच हाती घेतला होता. जेन लू 1975 मध्ये लहानपणी युद्धग्रस्त व्हिएतनाममधून अमेरिकेत आल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी काचेच्या फोटो-प्लेट्स वापरल्या. एकाच आकाशाच्या दोन प्लेट्स यंत्रात ठेवून एकीवरून दुसरीवर झटपट नजर फिरवायची आणि हललेला ठिपका शोधायचा. प्लुटोही 1930 साली असाच सापडला होता. पण प्लेट्सना फार मंद ठिपके टिपता येत नव्हते. त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक सीसीडी चिपने घेतली तेव्हा कामाला जोर आला. शोध हवाई बेटावरच्या मौना केया पर्वतावरील 2.2 मीटर दुर्बिणीवर चालू राहिला.

लांबची वस्तू ओळखायची कशी, याची युक्ती साधी आहे. ती वस्तू आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असताना पाहायची. त्या वेळी पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने तिला मागे टाकत असते. त्यामुळे वस्तू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसते. जवळची जास्त सरकते, लांबची कमी. मंगळ आणि गुरू यांच्या मधला लघुग्रह ताशी साधारण 35 ते 40 विकला सरकतो. 41 एककांवरची वस्तू ताशी सुमारे 3 विकलाच. पौर्णिमेच्या चंद्राची आकाशातली रुंदी साधारण 1800 विकला आहे. एवढ्या मंद गतीने चंद्राच्या रुंदीइतकं अंतर जायला त्या ठिपक्याला पंचवीसेक दिवस लागतील. म्हणजे एकाच जागेचे काही तासांच्या अंतराने अनेक फोटो काढायचे, पडद्यावर आलटून पालटून बघायचे, आणि भराभर पळणारे लघुग्रह सोडून देऊन संथ ठिपक्याची वाट पाहायची. पाच वर्षं असा एकही ठिपका मिळाला नाही.

30 ऑगस्ट 1992 च्या रात्री चार फोटोंची मालिका पूर्ण होण्याआधीच, पहिले दोन ताडून पाहताना, त्यांना तो दिसला. ताशी सुमारे 3 विकला, योग्य दिशेने. पुढच्या फोटोंतही तो तसाच सरकत राहिला. डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षाही तो साठ लाख पटींनी मंद होता. गतीवरून अंतर कळलं, पण कक्षा कळली नाही. दोन रात्रींच्या नोंदींवरून ही वस्तू नेपच्यूनपलीकडे गोल कक्षेत फिरणारी आहे की सूर्याकडे निघालेला एखादा लांबचा धूमकेतू आहे, हे ठरत नव्हतं. ज्या संस्थेकडे अशा शोधांच्या नोंदी येतात, तिचे प्रमुख असलेल्या मार्सडेन यांनीही म्हणून सावधपणे शब्द वापरले. पुढच्या काही महिन्यांत अधिक वेध मिळाले आणि निकाल लागला. कक्षेचा अर्धव्यास 44 एकक, सूर्याभोवती एक फेरी सुमारे 290 वर्षांची, आकार शे-दीडशे किलोमीटर. या वस्तूला 1992 क्यूबी1 हे तात्पुरतं नाव मिळालं होतं. 2018 मध्ये तिचं अल्बियन असं बारसं झालं. 1993 च्या मार्चमध्ये तशीच दुसरी सापडली, आणि मग रांगच लागली. आज तीन हजारांहून जास्त माहीत आहेत.

पट्टा हाती आला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचा निघाला. प्लुटोसारख्याच, नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांमध्ये बरोबर दोन फेऱ्या पूर्ण करणाऱ्या पुष्कळ वस्तू तिथे सापडल्या. दिल्लीत जन्मलेल्या आणि आयआयटी दिल्लीत शिकलेल्या रेणू मल्होत्रा यांनी 1993 मध्ये दाखवलं होतं की नेपच्यून हळूहळू सूर्यापासून दूर सरकत गेला असेल, तर तो प्लुटोला अशा लयीत पकडून आपल्याबरोबर ढकलत नेईल. मग इतर वस्तूही तशाच अडकलेल्या असायला हव्यात. त्या तशा आहेत. महाकाय ग्रह जिथे जन्मले तिथेच राहिले नाहीत, याचा इतका ठोस पुरावा त्याआधी नव्हता.

ज्या कारणासाठी पट्टा शोधला, त्याच कारणाबद्दलही एक दुरुस्ती करावी लागली. अल्बियनसारख्या गोलसर कक्षेतल्या वस्तू नेपच्यूनपासून सुरक्षित अंतरावर आहेत आणि तिथून फारशा हलत नाहीत. मग गुरूजवळ धूमकेतू पाठवतं कोण? 1997 मध्ये मार्टिन डंकन आणि हॅल लेव्हिसन यांनी दाखवलं की खरा पुरवठा नेपच्यूनने कधीकाळी भिरकावलेल्या, लांबट कक्षांत विखुरलेल्या वस्तूंकडून होतो. अशी पहिली वस्तू त्याच सुमारास सापडली होती. तेव्हा सपाट साठा हवा हे गणिताने बरोबर सांगितलं होतं, पण साठ्याचा नेमका कोणता भाग गळतो, हे नंतर कळलं.

1 जानेवारी 2019 रोजी न्यू होरायझन्स यान 43 एककांवरच्या अ‍ॅरोकॉथ नावाच्या वस्तूजवळून गेलं. छत्तीस किलोमीटर लांबीची, दोन चपट्या गोळ्यांची एकमेकांना चिकटलेली जोडी. त्या दोघांचा संगम इतका हळुवार झाला होता की सांध्यावर चिरडल्याची खूण नाही. ही वस्तू दुर्बिणीतून शोधण्यासाठी हबल वापरावी लागली होती, इतकी ती मंद आहे.

आणि इथेच कळतं की ऊर्टचा मेघ थेट का दिसत नाही. तिथली वस्तू स्वतः प्रकाश देत नाही, सूर्याचा प्रकाश परत पाठवते. अंतर दुप्पट झालं की तिच्यावर पडणारा प्रकाश चौथाई होतो आणि परत आपल्यापर्यंत येणारा त्याच्याही चौथाई, म्हणजे एकूण सोळावा भाग. चाळीस एककांवरची वस्तू वीस हजार एककांवर नेली, तर अंतर पाचशे पट होतं आणि प्रकाश 6250 कोटी पटींनी कमी. कोणत्याही दुर्बिणीच्या आवाक्यात हे नाही. व्हॉयेजर-1 यानाला मेघाच्या आतल्या काठापर्यंत पोचायलाच सुमारे तीनशे वर्षं लागतील, आणि तोपर्यंत ते केव्हाच मुकं झालेलं असेल.

म्हणून मेघाचा माग त्याच्या पाहुण्यांवरूनच घ्यावा लागतो. त्यातला सर्वांत मोलाचा पाहुणा सध्या वाटेवर आहे. पेद्रो बर्नार्दिनेल्ली आणि गॅरी बर्नस्टीन यांना 2021 मध्ये एका आकाश-सर्वेक्षणाच्या जुन्या फोटोंत तो सापडला. त्यातला सर्वांत जुना फोटो 2014 चा आहे, तेव्हा तो 29 एककांवर, जवळपास नेपच्यूनच्या अंतरावर होता. त्याचा गाभा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. साधारण धूमकेतूंचे गाभे काही किलोमीटरचेच असतात. 2031 च्या जानेवारीत तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, तेही शनीच्या कक्षेच्या जरा बाहेर, सुमारे 11 एककांवर. नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नाही. पण एवढ्या मोठ्या गाभ्याला वायूच्या धारांचा धक्का फार कमी लागतो, आणि तो आत येण्याच्या आधीपासूनचे वेध हाताशी आहेत. त्यामुळे त्याची मूळ कक्षा इतरांपेक्षा स्वच्छ निघते: अर्धव्यास सुमारे 20,000 एकक, ऊर्ट यांच्या त्या चिंचोळ्या पट्टीच्या काठावर. चिलीमधली व्हेरा रुबिन वेधशाळा 2025 पासून आकाश टिपू लागली आहे. सूर्याची ऊब लागून खळबळ सुरू होण्याआधीच, लांबवर असे धूमकेतू गाठणं तिला जमलं, तर वायूच्या धक्क्याने बिघडलेले आकडे मागे पडतील आणि पट्टीतली गर्दी नेमकी किती अरुंद आहे, कुठे संपते, हे मोजता येईल. मेघाच्या आतल्या, मुक्या भागाबद्दल काही ठोस बोलायचं असेल, तर ते मोजमाप आधी हातात असायला हवं.